डेमोसाठी वेळ विचारू नका, वेळ सुचवा

*भोसरीत आमची तीन जणांची कंपनी आहे. जॉबवर्कला गेलेल्या मालाचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. 6 तारखेला, सोमवारी, एका मशीन शॉपच्या मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: ‘प्लेटिंगला गेलेला माल आणि परत आलेला माल जुळत नाही. टॅलीतच होईल का हे? डेमो दाखवा कधीतरी.’ मी लगेच ‘हो सर, नक्की’ लिहिलं. शनिवारी, 11 तारखेला, ब्रोशर पाठवून ‘कृपया आपली सोयीची वेळ कळवावी’ असं विचारलं. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. मंगळवारी 14 ला ‘सर, काही अपडेट?’ विचारलं, तेही नुसतंच वाचलं. त्यांना खरंच रस होता का? आता काय लिहू?*

*— एक वाचक, भोसरी*

नमस्कार,

रस नक्की होता. ज्याला टाळायचं असतं तो ‘माहिती पाठवून ठेवा’ म्हणतो. आपल्या कारखान्यात नेमकं काय जुळत नाही हे तो परक्या माणसाला सांगत बसत नाही. या मालकांनी तीन छोट्या वाक्यांत तीन गोष्टी तुमच्या हातात दिल्या होत्या: अडचण, एक सरळ प्रश्न आणि डेमोला होकार. अडचणीवर त्यांना ब्रोशर मिळालं. प्रश्नाचं उत्तर आजपर्यंत मिळालेलं नाही. आणि होकार देऊन त्यांच्याच मागे एक काम लागलं.

हे काम कोणतं ते बघा. ‘सोयीची वेळ कळवावी’ हे वाक्य दिसायला अदबीचं आहे, पण त्याला उत्तर द्यायचं तर मालकांना पुढच्या आठवड्यात काय काय आहे ते आठवावं लागतं. डेमोला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधावा लागतो, स्टोअरच्या माणसाला आणि अकाउंटंटला विचारावं लागतं, आणि एवढं करून सांगितलेली वेळ तुम्हाला जमेल की नाही हेही माहीत नसतं. संदेश वाचला तेव्हा ते बहुधा शॉप फ्लोअरवर उभे होते. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत त्या संदेशावर ट्रान्सपोर्टवाल्याचे, कच्च्या मालाच्या दराचे आणि घरचे मिळून तीसेक संदेश चढले. यात नकार कुठेच नाही. उत्तर द्यायला लागणारी मेहनत उत्तराच्या मोलापेक्षा जास्त झाली, एवढंच.

म्हणून वेळ विचारायची नाही, आपणच दोन वेळा सुचवायच्या. 6 तारखेला ‘हो सर, नक्की’च्या जागी हा संदेश जायला हवा होता:

> नमस्कार साहेब. प्लेटिंगच्या मालाचा हिशोब टॅलीत होईल का, असं विचारलं होतं तुम्ही.
>
> टॅलीत जॉबवर्कची सोय आहे. हिशोब बहुतेक वेळा चुकतो तो एंट्री उशिरा होते म्हणून. आमच्याकडे चलन स्टोअरमध्येच मोबाइलवर होतं आणि तिथून टॅलीत जातं.
>
> एक चलन प्लेटिंगला जाण्यापासून परत येईपर्यंत कसं दिसतं, ते व्हिडिओ कॉलवर 25 मिनिटांत दाखवतो.
>
> 1) बुधवार 8 तारीख, दुपारी 3:00
> 2) मंगळवार 14 तारीख, सकाळी 11:30
>
> 1 किंवा 2 एवढंच लिहिलं तरी चालेल. दोन्ही वेळा उद्या, मंगळवार 7 तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो.

पहिली ओळ मालकांच्याच शब्दांत आहे, आणि त्याला कारण आहे. फोन लॉक असताना नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीची एक-दोन ओळीच दिसतात. तिथे ‘आमची कंपनी गेली अमुक वर्षं…’ दिसलं तर तो जाहिरातीचा संदेश ठरतो आणि न उघडताच बाजूला सरतो. ‘प्लेटिंगच्या मालाचा हिशोब’ दिसलं तर आपणच काहीतरी विचारलं होतं हे आठवतं. त्यांनी ‘प्लेटिंग’ म्हटलं असेल तर तुम्ही ‘बाह्य प्रक्रिया’ म्हणू नका. त्यांनी मराठीत लिहिलं असेल तर इंग्रजीत उत्तर देऊ नका.

दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. इथे विकणाऱ्याला मोह होतो की टॅलीत हे होत नाही असं म्हणून मोकळं व्हावं. तसं म्हणू नका, कारण ते खोटं आहे. टॅलीप्राइममध्ये जॉबवर्कची सोय चालू करता येते आणि मग ‘मटेरियल आउट’, ‘मटेरियल इन’ अशी व्हाउचर मिळतात. हे त्यांच्या अकाउंटंटला माहीत असण्याची दाट शक्यता आहे. तो ऑफिसातून एकच वाक्य बोलेल, ‘साहेब, आपल्या टॅलीत आहे हे’, आणि तुमचा डेमो तिथेच संपेल. त्याऐवजी सोय आहे हे मान्य करा आणि खरी गोम कुठे आहे ती सांगा. माल गेटबाहेर जातो तेव्हा चलन हाताने लिहिलं जातं, ते चार दिवसांनी अकाउंटंटच्या टेबलावर पोचतं, आणि तोवर पहिला लॉट परत आलेला असतो. हे वाचल्यावर मालकांना वाटतं की या माणसाने आपल्यासारखं स्टोअर पाहिलेलं आहे.

प्रश्न दराचा असता तर आणखी जपावं लागलं असतं. कोणी ‘कितीला पडेल?’ विचारलं आणि उत्तरात ‘डेमोत सांगतो’ आलं, की समोरचा माणूस सावध होतो. अंदाजे आकडा, किंवा निदान दर कशावर ठरतो ते, म्हणजे वापरणारी माणसं किती, युनिट किती, एका ओळीत आधी सांगा. मग वेळ सुचवा.

‘25 मिनिटं’ हा आकडा मुद्दाम दिला आहे. ‘थोडा वेळ द्या’ म्हटलं की ऐकणारा मनात तास धरतो. ‘पाच मिनिटं’ म्हटलं तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. एक चलन जाणं, त्याचा माल दोन लॉटमध्ये परत येणं, काही नग रिजेक्ट होणं आणि शिल्लक दिसणं एवढं दाखवायला पंधरा मिनिटं पुरतात. उरलेली दहा त्यांच्या प्रश्नांची. आकडा सांगितला की तो पाळा. पंचविसाव्या मिनिटाला आपण होऊन विचारा की थांबू की पुढचं दाखवू.

आता वेळांकडे येऊ, कारण तुमचं गणित सगळ्यात जास्त तिथे चुकलं आहे. तुम्ही विचारलं तो दिवस 11 तारीख. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-1 ची ती शेवटची तारीख असते. त्या दिवशी अकाउंटंट बिलं जुळवत असतो आणि मालक त्याच्या फोनला उत्तरं देत असतात. दुसरी तारीख 20, जीएसटीआर-3बीची. म्हणजे हिशोबाशी संबंधित काहीही दाखवायचं असेल तर 9 ते 11 आणि 18 ते 20 हे दिवस सोडावेत. जे तिमाही पद्धतीने भरतात त्यांची जीएसटीआर-1 ची तारीख तिमाही संपल्यानंतरच्या महिन्यातली 13 असते, तेही ध्यानात ठेवा. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचची घाई असते. तेव्हा स्टोअरचा माणूस कोणाच्याही शेजारी बसणार नाही. उरतात महिन्याचा पहिला आठवडा, 12 ते 17 आणि 21 ते 26.

त्यात वार बघा. पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शनिवार, रविवार काम चालू असतं. तुम्ही भोसरीतच बसता, तरी सॉफ्टवेअर कंपनीच्या सवयीने सोमवार ते शुक्रवार हाच आठवडा धरला जातो आणि गुरुवारची वेळ सहज दिली जाते. कारखाना दुसऱ्या गावचा असेल तर तिथली सुट्टी कोणत्या वारी आहे ते आधी विचारून घ्या. दिवसातल्या वेळेचंही तसंच. सकाळी शिफ्ट लागते, माणसं कमी-जास्त असतात, मशिनवर जॉब लागत असतात, तेव्हा साडेदहापर्यंत मालकांना हात लावू नका. चारनंतर गाड्या भरायला सुरुवात होते. मधले दोन पट्टे बरे: साडेअकरा ते साडेबारा आणि तीन ते पावणेचार.

दोन वेळा एकसारख्या नसाव्यात. वरच्या संदेशात एक जवळची आहे, एक 11 तारीख उलटल्यानंतरची. एक दुपारची, एक सकाळची. बुधवारी मालक आणि स्टोअरचा माणूस बघू शकतात. अकाउंटंटला बसवायचं असेल तर मंगळवार आहेच. दोन्ही वेळा दुपारी तीनच्या दिल्या असत्या आणि रोज तीनला त्यांच्याकडे क्वालिटीची बैठक असती, तर दोन वेळा देऊनही एकच दिल्यासारखं झालं असतं. तीन-चार पर्याय देण्याचा मोह मात्र आवरा. पर्याय वाढले की पुन्हा विचार करावा लागतो आणि पुन्हा ‘संध्याकाळी बघू’ होतं. वेळ निवडायची लिंक पाठवणं आयटी कंपनीच्या खरेदी विभागाला चालतं. मशीन शॉपच्या मालकांना ती आणखी एक उघडायची गोष्ट वाटते, म्हणून इथे नको.

वार, तारीख आणि घड्याळाची वेळ तिन्ही लिहा. नुसतं ‘उद्या तीनला’ लिहिलं आणि त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं, तर त्यांचा ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो. तुम्ही बुधवारी लिंक उघडून बसता आणि ते दुसऱ्या दिवशी. म्हणून वर ‘उद्या’च्या पुढे लगेच ‘मंगळवार 7 तारीख’ लिहिलं आहे. वार आणि तारीख जुळतात का तेही कॅलेंडर उघडून बघा. ‘मंगळवार 15’ लिहिलं गेलं तर समोरच्याला तुम्हाला विचारावं लागतं, आणि तो विचारत नाही, गप्प बसतो.

‘राखून ठेवतो’ लिहिलंत तर खरंच राखून ठेवा. तीन जणांच्या कंपनीत हे चुकतं, कारण दोघे जण वेगवेगळ्या ग्राहकांना तीच वेळ देऊन बसतात. संदेश पाठवण्याआधी तिघांना दिसणाऱ्या कॅलेंडरमध्ये दोन्ही वेळा ‘तात्पुरती’ म्हणून अडवा. मुदत संपली आणि उत्तर आलं नाही तर त्या मोकळ्या करा. मुदत देण्याचा खरा उपयोग हाच आहे की तुम्ही मोकळे होता. त्यांच्यावर दबाव टाकण्यासाठी ती वापरू नका.

या संदेशात मुद्दाम गाळलेल्या गोष्टीही आहेत. ब्रोशर नाही, वेबसाइट नाही, ‘कोण कोण बसणार?’ नाही, ‘सध्या किती वेंडर आहेत?’ नाही. हे सगळं विचारण्यासारखं आहे, पण वेळ ठरल्यावर. एका संदेशात दोन प्रश्न असले की माणूस सोप्या प्रश्नाला उत्तर देतो आणि तुम्हाला हवा असलेला राहून जातो. इथे प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एका आकड्यात मावतं.

समजा उत्तर ‘1’ आलं. मग पाच-दहा मिनिटांत दुसरा संदेश जायला हवा, फोन अजून त्यांच्या हातात असताना:

> ठरलं साहेब. बुधवार 8 तारीख, दुपारी 3:00 ते 3:25. लिंक खाली देतो आहे.
>
> स्टोअरमध्ये चलन जे लिहितात त्यांना शेजारी बसवलंत तर बरं होईल, त्यांचे प्रश्न नेमके असतात.
>
> प्लेटिंगच्या एखाद्या जुन्या चलनाचा फोटो दर झाकून पाठवलात तर तेच भरून दाखवतो. नसेल तर आमच्याकडचं नमुन्याचं वापरू.

चलनाचा फोटो ही या सगळ्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. समजा त्यावर 500 बुश प्लेटिंगला गेल्याची नोंद आहे. तुम्ही डेमोत तेच 500 घालता. मग 300 परत आले, नंतर 180 आले, 12 रिजेक्ट झाले, आणि पडद्यावर वेंडरकडे 8 नग बाकी दिसतात. स्टोअरचा माणूस लगेच म्हणतो, ‘रिजेक्टचे बारा आमच्याकडे कुठेच लिहिले जात नाहीत.’ जुळत नाही म्हणत होते ते नेमकं काय, हे तिथे उघड होतं, आणि ते त्यांच्याच माणसाच्या तोंडून येतं. त्याच पडद्यावर चलनाची तारीखही दाखवा. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं आणि त्यावर कर लागू होतो. बाकी राहिलेले 8 नग किती महिन्यांचे आहेत हे मालकांना दिसायला हवं. पण हे डेमोत. वेळ ठरवायच्या संदेशात कायद्याचं कलम घातलंत तर ते भीती दाखवल्यासारखं होतं.

फोटो ऐच्छिक ठेवा, आणि ‘दर झाकून’ हे शब्द विसरू नका. आपला प्लेटिंगचा दर बाहेर जाऊ नये असं मालकांना वाटणं स्वाभाविक आहे. ते त्यांनी बोलून दाखवण्याआधी तुम्ही सांभाळलंत की त्यांचा विश्वास बसतो.

लिंकबद्दल थोडं. झूमचं मोफत खातं असेल तर मीटिंग 40 मिनिटांनी तुटते. गुगल मीटच्या मोफत खात्यावर दोघांपुरता कॉल लांब चालतो, पण तिसरं उपकरण जोडलं गेलं की 60 मिनिटांची मर्यादा येते. 25 मिनिटांच्या डेमोला दोन्ही पुरतात. फक्त मालक घरून, अकाउंटंट ऑफिसातून आणि स्टोअरवाले फोनवरून आले आणि सुरुवातच पंधरा मिनिटं उशिरा झाली, तर झूम ऐन दराच्या बोलण्यात बंद पडतं. आणखी एक गोष्ट विचारून घ्या: ते फोनवर बघणार की कॉम्प्युटरवर? तुमची स्क्रीन कॉम्प्युटरसाठी आखलेली असेल तर फोनवर चलनाचे आकडे मुंग्यांएवढे दिसतात. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसायला सुचवा. फोनच असेल तर आपल्याकडे ब्राउझर 150 टक्क्यांवर ठेवा आणि एका वेळी एकच खिडकी दाखवा.

ईमेल पत्ता मिळाला असेल तर कॅलेंडरचं निमंत्रणही पाठवा, पण ‘1’ आल्यानंतर. पहिला संदेश म्हणून निमंत्रण पाठवलं तर ते आगाऊपणाचं वाटतं. शिवाय गुगल कॅलेंडरमध्ये अनोळखी माणसाची निमंत्रणं आपोआप न दाखवण्याची सेटिंग असते, त्यामुळे ते दिसेलच असंही नाही. निमंत्रणाचं शीर्षक त्यांच्या बाजूने वाचून बघा. ‘डेमो – ग्राहक क्र. 14’ तुमच्या कामाचं आहे. त्यांच्या कॅलेंडरमध्ये ‘प्लेटिंग चलनाचा हिशोब – 25 मिनिटं’ आणि तुमच्या कंपनीचं नाव दिसायला हवं.

कारखाना भोसरीच्याच टप्प्यात असेल तर दुसरा पर्याय प्रत्यक्ष येण्याचा द्या: ‘2) मंगळवार 14, सकाळी 11:30, तुमच्याकडे येऊन’. प्रत्यक्ष गेलात की गेटवरचं चलनबुक बघायला मिळतं, आणि ते दहा प्रश्नांच्या बरोबरीचं असतं. पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, म्हणून नेटशिवाय चालेल अशी नमुना फाइल लॅपटॉपवर ठेवूनच निघा.

ठरलेल्या दिवशी सकाळी एक ओळ पाठवा: ‘आज दुपारी 3:00, लिंक पुन्हा देतो आहे.’ आदल्या दिवशी पाठवलेली लिंक दुसऱ्या दिवशी तीनला शोधायची म्हणजे बोटाने बरंच वर जावं लागतं. तीनला दहा मिनिटं कमी असताना पुन्हा नुसती लिंक टाका, मजकूर नको. तीन वाजून दहा मिनिटं झाली आणि कोणी आलं नाही तर एक फोन करा, एकच. उचलला नाही तर ‘वाट बघतोय’ असं लिहू नका. लिहा: ‘आज काम निघालेलं दिसतंय. शुक्रवार 10 दुपारी 3:00, की मंगळवार 14 सकाळी 11:30?’ कारखान्यात मशीन बंद पडलं किंवा मोठ्या कंपनीचा ऑडिटर अचानक आला तर व्हिडिओ कॉल हा सगळ्यात आधी बाजूला पडतो. त्यामुळे त्या न येण्याला नकार समजू नका. शुक्रवार 10 आपल्या सोडायच्या दिवसांत येतो, तरी इथे चालतो, कारण बुधवारची वेळ निवडली तेव्हाच अकाउंटंटशिवाय बसायचं ठरलं होतं.

आता तुमच्या प्रत्यक्ष स्थितीकडे. ‘काही अपडेट?’ला उत्तर न येणं साहजिक होतं. अपडेट द्यायचं काही त्यांच्याकडे नव्हतंच, द्यायचं होतं ते तुमच्याकडे. तो संदेश पुसू नका. ‘हा संदेश हटवला’ असं दिसणं जास्त खटकतं. 20 तारीख उलटली की 21 ला, मंगळवारी, साडेअकराच्या सुमारास हे पाठवा:

> नमस्कार साहेब. टॅलीत होईल का, हे तुम्ही 6 तारखेला विचारलं होतं आणि त्याचं उत्तर माझ्याकडून राहून गेलं.
>
> टॅलीत जॉबवर्कची सोय आहे. चलन उशिरा चढलं की मात्र हिशोब जुळत नाही. आमच्याकडे ते स्टोअरमध्येच मोबाइलवर होतं आणि टॅलीत जातं.
>
> 25 मिनिटांत एक चलन पूर्ण दाखवतो:
> 1) शुक्रवार 24 तारीख, दुपारी 3:00
> 2) शनिवार 25 तारीख, सकाळी 11:30
>
> 1 किंवा 2 लिहा. हा महिना नको असेल तर ‘पुढे’ लिहा, मी 12 तारखेनंतर विचारतो.

‘उत्तर राहून गेलं’ एवढी कबुली पुरे. लांबलचक माफी मागितली की तीच संदेशाचा विषय होऊन बसते. ‘पुढे’ हा शब्द देणं महत्त्वाचं आहे. नाही म्हणायचं संकोचाचं असतं म्हणून लोक गप्प राहतात. त्यांना सोपी वाट दिली की निदान काहीतरी उत्तर येतं आणि तुम्हाला तारीख मिळते. ब्रोशर पुन्हा जोडू नका.

उत्तर नाही आलं तर गुरुवार 23 सुट्टीचा म्हणून सोडा आणि शुक्रवारी 24 ला सव्वाअकराला फोन करा. फोनवर ‘माझा मेसेज पाहिलात का?’ अशी सुरुवात नको, त्यात आरोप ऐकू येतो. ‘प्लेटिंगच्या हिशोबाबद्दल बोलायचं होतं, दोन मिनिटं आहेत का?’ असं विचारा. वेळ असेल तर फोनवरच विचारा की जुळत नाही ते नग जुळत नाहीत की वजन. प्लेटिंगला छोटा माल अनेक ठिकाणी वजनावर जातो आणि नगांवर परत येतो, आणि तफावत तिथेच शिरते. वजन असेल तर डेमोत नमुना बदला. शंभर नगांचं वजन घेऊन त्यावरून नग काढायचे, आणि प्लेटिंगच्या थराने परतीचं वजन किंचित वाढलेलं असतं तेवढी सूट आधी ठरवून ठेवायची, हे दाखवा. आणि वेळ त्याच फोनवर ठरवून घ्या: ‘उद्या शनिवारी साडेअकरा जमेल?’ हो म्हणाले की फोन ठेवल्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ठरलं साहेब, शनिवार 25 तारीख, सकाळी 11:30’ आणि लिंक.

फोनही उचलला नाही तर पुढच्या महिन्यात 12 तारखेनंतर एकदा, नवीन दोन वेळा देऊन लिहा. त्यालाही उत्तर नसेल तर शेवटचा संदेश प्रश्नाशिवाय पाठवा: ‘साहेब, सध्या थांबतो. प्लेटिंगच्या चलनांसाठी एक साधा कागदी तक्ता सोबत देतो आहे: गेले, परत आले, रिजेक्ट, बाकी. स्टोअरमध्ये लावला तरी उपयोग होईल. लागलं तर याच नंबरवर आहे.’ तक्ता खरोखर बनवा, एका पानाचा, छापता येईल असा, वर तुमचा लोगो मोठा न करता. तो भरायला लागले की महिनाभरात त्यांच्याच हस्ताक्षरात ‘बाकी’चा रकाना भरत जातो, आणि मग फोन बहुधा तिकडून येतो.